आजारी पडलो, ठरलेला प्रोग्रॅम कॅन्सल करायचाय: कळवायचं कसं, माफी कशी मागायची, ॲडव्हान्सचं काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी गाते. आजवर दोन वेळा घेतलेली सुपारी तब्येतीमुळे सोडावी लागलीय, एकदा अगदी वाईट पद्धतीने सोडली आणि एकदा बऱ्यापैकी नीट. त्यामुळे ओळखीतल्या कलाकारांपैकी कोणाचा घसा बसला, पाय मुरगळला, ताप उतरेना की मेसेज मला येतो, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र टाकलेत. मी गाण्याच्या अंगाने लिहितेय, नाचणाऱ्यांनी घशाच्या जागी गुडघा वाचावा.

प्रोग्रॅमला चार दिवस आहेत, ताप आहे, पण उतरेल असं वाटतंय. आत्ताच कळवू की वाट बघू?

दोन्ही. म्हणजे कळवा पण कॅन्सल करू नका. हे दोन वेगळे फोन आहेत आणि आपण सगळे ते एकच समजतो, म्हणून शेवटपर्यंत गप्प बसतो. पहिला फोन फक्त एवढाच की मला बरं नाहीये, उद्या डॉक्टरला दाखवतेय, परवा दुपारी १२ पर्यंत हो की नाही ते पक्कं सांगते. यात वेळ दिलेली असणं फार महत्त्वाचं, नुसतं "बघू, कळवते" म्हटलं की समोरच्याला काहीच करता येत नाही. वेळ दिली की तो माणूस निदान दोन ठिकाणी चौकशी करून ठेवतो, बॅनर छापायचा राहिला असेल तर एक दिवस थांबतो.

माझी वाईट वेळ अशी झाली की मी आदल्या रात्रीपर्यंत गरम पाणी पीत, वाफ घेत "सकाळी उघडेल आवाज" म्हणत बसले आणि सकाळी ८ ला फोन केला. संध्याकाळी कार्यक्रम. ऑर्गनायझर चिडला नाही, फक्त म्हणाला, "तुम्हाला हे काल माहीत होतं ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माहीत होतंच.

या मुद्द्यावर दीडशे वर्षांपूर्वीची एक इंग्लंडमधली केस आहे, रॉबिन्सन विरुद्ध डेव्हिसन. ॲराबेला गोडार्ड नावाच्या मोठ्या पियानोवादिकेचा १४ जानेवारी १८७१ ला कार्यक्रम ठरला होता, त्या आजारी पडल्या आणि तसं कळवणारं पत्र ऑर्गनायझरला नेमकं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मिळालं. त्याने केस केली (त्या काळच्या रीतीने नवऱ्यावर, म्हणून केसला डेव्हिसन हे नाव). कोर्ट म्हणालं, वाजवता येणार नाही इतकं आजारपण असेल तर करार मोडल्याचा दोष नाही. पण पत्राऐवजी तार केली असती तर ऑर्गनायझरचा लोकांना निरोप धाडायचा खर्च वाचला असता, तेवढ्यापुरती भरपाई त्याला मिळाली, तीन पौंडांच्याही आत. रक्कम किरकोळ आहे, पण आजाराची माफी मिळाली आणि उशिराची नाही मिळाली, हा फरक मला फार पटतो. आज तर तारही करायची नाहीये.

घसा बसलाय पण थोडं गाता येतंय. गोळी घेऊन करून टाकू का?

डॉक्टर मी नाही, पण मला जे सांगितलं गेलं ते सांगते. साध्या सर्दी-तापाबरोबर स्वरतंतूंना सूज येते, ती बहुतेक वेळा व्हायरसची असते, एक ते दोन आठवड्यांत उतरते आणि अँटिबायोटिकचा तिथे सहसा उपयोग नसतो. सुजलेल्या स्वरतंतूंवर जोर देऊन गायलं की खरा धोका सुरू होतो, कारण तिथली बारीक रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होऊ शकतो. गाता गाता आवाज एकदम, खटकन गेला तर हेच असू शकतं, आणि मग पूर्ण मौन आणि डॉक्टर, दुसरा उपाय नाही.

स्टिरॉइडचा डोस घेऊन एक संध्याकाळ निभावून नेणारे बरेच आहेत. सूज तात्पुरती उतरते, हे खरं. पण स्वरतंतू बरे झालेले नसतात, फक्त तुम्हाला ते जाणवत नाही आणि तुम्ही जास्त जोर लावता. हे ठरवायचंच असेल तर ज्याने दुर्बिणीतून तुमचे स्वरतंतू प्रत्यक्ष पाहिलेत अशा कान-नाक-घसा डॉक्टरने ठरवावं, फोनवर मित्राने नाही. आणि आवाज बसल्यावर दुखण्यासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. कुजबुजून बोललं तर घशाला आराम मिळतो हाही गैरसमज आहे, जोर लावून कुजबुजण्याचाही ताण पडतोच.

माझी स्वतःची कसोटी अशी की आवाज न वाढवता, अगदी हळू, वरच्या पट्टीत एखादा सूर लावून बघायचा. जोरात गाताना येतोय पण हळू लावला की सूर फुटतोय, हवाच जातेय, असं असेल तर सूज आहे. मग तासाभराचा प्रोग्रॅम होईल असं मी स्वतःला सांगत नाही.

पहिला फोन कोणाला करायचा? मध्ये एजंट आहे.

ज्याने बुकिंग केलं त्याला, म्हणजे एजंट असेल तर एजंटला. पण "मी त्याला सांगितलं होतं" यावर थांबू नका, त्याने पुढे कळवलं का हे तासाभरात विचारा, आणि नसेल तर त्याला सांगून थेट ऑर्गनायझरला कळवा. लगेच दुसरा फोन साथीदारांना. हा लोक विसरतात, आणि मग वादक बिचारा सामान बांधून तयार.

आवाजच नसेल तर घरच्या कोणाला तरी फोन करायला लावा. मी दुसऱ्या वेळी भावाला बसवला होता आणि शेवटी स्पीकरवर स्वतः फक्त "सॉरी" म्हटलं, ते इतकं फाटकं निघालं की पलीकडून "बोलू नका, बोलू नका, कळलं" असंच उत्तर आलं. फोन झाला की दहा मिनिटांत तेच लेखी पाठवायचं. फोनवर काय ठरलं ते आठवड्याने दोघांना वेगवेगळं आठवतं.

माफीच्या मेसेजमध्ये काय लिहायचं? मला नेहमी जास्त लिहिलं जातं.

सगळ्यांनाच लिहिलं जातं. अपराधी वाटत असतं म्हणून आपण तापाचे आकडे, रात्री किती वेळा उठलो, सगळं लिहितो आणि मुख्य वाक्य चौथ्या परिच्छेदात जातं. मी पाठवलेला मेसेज असा होता:

"नमस्कार. शनिवारी संध्याकाळी ७ ला ठरलेला माझा गाण्याचा कार्यक्रम मी करू शकणार नाही. माझ्या स्वरतंतूंना सूज आहे आणि आज डॉक्टरांनी तपासून किमान सात दिवस गायला आणि बोलायला मनाई केली आहे. तुमची जाहिरात झाली आहे, लोकांना आमंत्रणं गेली आहेत आणि आता दोन दिवसांत तुम्हालाच सगळी धावपळ करावी लागणार, याबद्दल मनापासून माफी मागते. तुम्ही दोन हप्त्यांत दिलेला पूर्ण ॲडव्हान्स आजच परत करते, कोणत्या खात्यावर पाठवू ते याच मेसेजला उत्तर म्हणून लिहा. माझ्याऐवजी कोणी हवं असेल तर दोघींना विचारून ठेवलं आहे, दोघी शनिवारी मोकळ्या आहेत."

पहिल्याच वाक्यात "करू शकणार नाही" आहे. "जमेल असं वाटत नाही" किंवा "अवघड दिसतंय" असं लिहिलं असतं तर ऑर्गनायझरने ते "आग्रह केला तर येईल" असं वाचलं असतं, आणि त्याची चूक नसती. माफी ही त्याच्या त्रासाची नावं घेऊन मागितलीय. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी" हे रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं लागतं, माणसाने माणसाला लिहिल्यासारखं नाही. आणि पैशाचं वाक्य त्याच मेसेजमध्ये आहे, त्याने विचारायच्या आधी. त्याला विचारावं लागलं की माफीची किंमत तिथेच निम्मी होते.

आजार कोणता ते सांगायलाच पाहिजे का? सर्टिफिकेट मागतायत.

आजाराचं नाव सांगायची गरज नाही. कामाला लागेल एवढं सांगा, की गाता येणार नाही, इतके दिवस येणार नाही, डॉक्टरला दाखवलंय. सर्टिफिकेट मागितलं तर राग मानू नका, बऱ्याच वेळा त्या माणसाला स्वतःच्या कमिटीला किंवा स्पॉन्सरला दाखवायचं असतं. डॉक्टरला सांगा की तारीख, "गाण्यास / सादरीकरणास तात्पुरते असमर्थ" आणि किती दिवस, एवढंच लिहा. रिपोर्ट, गोळ्यांची यादी, दुर्बिणीचे फोटो यातलं काही पाठवायचं नाही. एकदा पाठवलेला फोटो कोणत्या ग्रुपवर फिरेल सांगता येत नाही.

तारीख मात्र बघा. तपासणी गुरुवारी आणि सर्टिफिकेट पुढच्या मंगळवारचं असेल तर मागाहून जमवल्यासारखं दिसतं. म्हणून कोणी मागो न मागो, तपासणीच्या दिवशीच घेऊन ठेवायचं.

ॲडव्हान्स पूर्ण परत द्यायचा? मी काही मुद्दाम आजारी पडलेली नाही.

हो, पूर्ण. मुद्दाम पडला नाहीत म्हणून तर नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, पण म्हणून पैसे ठेवता येत नाहीत. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात.

गंमत म्हणजे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ६५ खाली जी उदाहरणं दिलीत त्यातलं एक जवळजवळ आपल्यावरच लिहिलंय. 'अ' ने 'ब' साठी कार्यक्रमात गायचं कबूल केलं, १,००० रुपये आधीच घेतले, आणि 'अ' इतका आजारी पडला की गाऊ शकला नाही. तर गाणं झालं असतं तर 'ब' ला जो नफा झाला असता तो भरून द्यायला 'अ' बांधील नाही, पण आगाऊ घेतलेले १,००० परत केले पाहिजेत. कायद्यात गायकाचंच उदाहरण म्हणजे त्या काळीही हे होत असणार.

त्याआधीच्या कलम ५६ खालीही एक आहे, सहा महिने नाटकात काम करायचा करार, पैसे आधी दिलेले, आणि मधल्या काही खेळांना नट आजारी. तिथे सगळा करार जात नाही, फक्त त्या त्या खेळांपुरता रद्द होतो. म्हणजे तुमची पाच प्रोग्रॅमची मालिका असेल आणि एक हुकला तर हिशोब त्या एकाचाच करायचा.

पण मी तिकिटं काढलीत, वादकांना पैसे दिलेत. तेवढे तरी कापून घेऊ?

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून माझा हिशोबच मांडते. खरी रक्कम सांगत नाही, मानधन १०० धरा.

ॲडव्हान्स ४० मिळाला होता, त्यातले १५ बोलणी झाली त्या दिवशी रोख आणि २५ नंतर खात्यावर. तोपर्यंत माझे तिकिटांवर ६ गेले होते, त्यातले कॅन्सल केल्यावर ३ परत मिळाले. दोघा वादकांनी ती तारीख माझ्यासाठी धरून ठेवली होती, दुसरं काम सोडलं होतं, त्यांना प्रत्येकी २ देणं मला भागच होतं. म्हणजे एकूण ७ माझ्या खिशातून.

मनात पहिला विचार हाच आला की ४० मधून ७ कापून ३३ पाठवू. नाही पाठवले, ४० पाठवले. कारण आमच्या मेसेजमध्ये प्रवासखर्चाचं काहीच ठरलं नव्हतं, मानधनात सगळं धरलं होतं, मग तिकीट हा माझा खर्च झाला. वादकांशीही बोलणं माझं होतं, ऑर्गनायझरला त्यांची नावंही माहीत नव्हती. पूर्ण रक्कम पाठवून खाली एक ओळ लिहिली की तिकिटांचे ३ बुडालेत, तुम्हाला योग्य वाटलं तर बघा, नाहीतर काही हरकत नाही. त्याने ते ३ पाठवले. नसते पाठवले तरी मी काही म्हणाले नसते, आणि आधी कापले असते तर मात्र नक्की भांडण झालं असतं, कारण कापून घेणं आणि मागणं यात फरक आहे.

उलट, प्रवास ऑर्गनायझरकडे असं आधी लेखी ठरलं असेल आणि तिकिटं त्याच्या सांगण्यावरून काढली असतील, तर बिलं लावून तो खर्च मागण्यात काही गैर नाही. इंग्लंडमध्ये तर १९४३ साली वेगळा कायदाच झाला, ज्यात करार असा अर्ध्यात निष्फळ झाला तर आगाऊ पैशातून झालेला खर्च ठेवू द्यायचा का हे कोर्ट ठरवू शकतं. पण ते कोर्ट ठरवतं, आपण स्वतः नाही.

"ॲडव्हान्स नॉन-रिफंडेबल" असं आम्ही लिहिलेलं होतं. मग?

मग कुठे लिहिलं होतं आणि कशासाठी ते वाचा. बहुतेक वेळा ती ओळ ऑर्गनायझरने कॅन्सल केलं तर यासाठी असते, कारण आपण त्याच्यासाठी तारीख अडवलेली असते. आता कॅन्सल तुम्ही करताय. आपणच काम न करता "नॉन-रिफंडेबल" दाखवणं कागदावर कदाचित चालेलही (शब्द काय आहेत त्यावर, रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा), पण ते वाक्य तुमच्या नावाबरोबर फिरत राहणार. मी ठेवणार नाही.

पैसे परत नेमके कसे पाठवायचे?

ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर, एकरकमी, आणि शेऱ्यात "अमुक तारखेच्या कार्यक्रमाचा ॲडव्हान्स परत" असं लिहून. स्क्रीनशॉट लगेच पाठवा. मेसेज पाठवला त्याच दिवशी पैसे गेले तर उत्तम, नाहीतर दोन-तीन दिवसांची नेमकी तारीख द्या आणि पाळा.

रोख घेतलेल्यांचं जास्त जपा. माझे ते १५ एका उत्साही कार्यकर्त्याने दिले होते आणि मेसेज येताच त्याचाच फोन आला की माझ्या नंबरवर पाठवून द्या, मी भरतो पुढे. माणूस चांगलाच असेल, पण मी बुकिंग करणाऱ्यालाच विचारलं, त्याने संस्थेचं खातं लिहून दिलं आणि मी ४० च्या ४० तिथे पाठवले. "४० मिळाले, हिशोब पूर्ण" एवढं उत्तर लेखी घेतलं. कॅन्सलची बातमी फुटल्यावर ओळख सांगून अनोळखी नंबरवरून परतावा मागणारेही निघतात, त्यामुळे खातं कोणी बदलून सांगितलं तर आधीच्या माहितीतल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, आलेल्या नंबरवर नाही.

ॲडव्हान्स देताना टॅक्स कापलेला असेल तर हातात आलेली रक्कम परत करा आणि कापलेल्या भागाचं काय करायचं ते दोघांच्या अकाउंटंटना एकमेकांशी बोलू द्या, हे मेसेजवर भांडून सुटत नाही.

ॲडव्हान्स खर्च होऊन गेलाय. आत्ता हातात पैसे नाहीत.

लपवू नका, एवढंच. "प्रोसेसमध्ये आहे", "बँकेचा प्रॉब्लेम" हे दोन दिवस चालतं. सरळ लिहा की आज २० पाठवतेय, उरलेले २० या तारखेला. आणि तेव्हा पाठवा. मी आता ॲडव्हान्स आला की प्रोग्रॅम होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवते, पण हे सुचायला मला पहिला वाईट अनुभव लागला, त्या वेळी मीही दोन हप्ते केले होते.

ते म्हणतात ॲडव्हान्स ठेवा, पुढची तारीख द्या.

चांगली गोष्ट आहे, पण तारीख ठरत असेल तरच. "बरं वाटलं की बघू" या बोलीवर पैसे ठेवले की ते पैसे वर्षभर मानगुटीवर बसतात, दोघांच्याही. तारीख, वेळ आणि मानधन तेच हे लेखी आलं तर ठेवा. आणि डॉक्टरने सांगितलेल्या विश्रांतीच्या शेवटच्या दिवसाला चिकटून तारीख देऊ नका, सात दिवस मौन म्हणजे आठव्या दिवशी मैफल असं नसतं, आवाज हळूहळू कामाला लावावा लागतो.

बदली कलाकार मी द्यायचा का?

बंधन नाही, करारात लिहिलं नसेल तर. ऑर्गनायझरने तुम्हाला बोलावलं होतं, तुमच्याऐवजी कोणालाही नाही. म्हणून परस्पर कोणाला पाठवून देऊ नका, नावं सुचवा. पण सुचवण्याआधी त्या व्यक्तीला ती तारीख मोकळी आहे का ते विचारा, नाहीतर ऑर्गनायझरचे दोन तास अजून वाया. मानधन त्यांनी थेट आपसात ठरवायचं, तुमचा ॲडव्हान्स "तिकडे वळता" करायचा नाही. तुम्ही ४० परत करा, तो नव्या माणसाला काय द्यायचं ते देईल. मध्ये राहिलात तर नव्या कलाकाराला पैसे कमी मिळाल्याचं बोलणंही तुम्हीच ऐकाल.

ऑर्गनायझर म्हणतो हॉलचं भाडं, जाहिरात, सगळं नुकसान तुम्ही द्या.

आधी वर सांगितलेलं ते कलम ६५ चं उदाहरण. खरोखर आजारी असाल आणि वेळेत कळवलं असेल तर त्याचा बुडालेला नफा तुमच्यावर येत नाही. करारात तुम्ही तशी जबाबदारी स्पष्ट घेतली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वकील गाठा. पण उत्तर देताना कायदा पहिल्या ओळीत टाकू नका. त्याचे पैसे खरंच गेलेत. मी असते तर लिहिलं असतं की तुमचं नुकसान झालंय हे मला समजतंय, ॲडव्हान्स पूर्ण परत केलाय, सर्टिफिकेट जोडलंय, यापेक्षा जास्त मी देऊ शकत नाही. आणि मग पुढे वाद घालत बसले नसते.

एक मात्र, आजार खोटा असेल तर यातलं काही लागू होत नाही. त्याच संध्याकाळी दुसरीकडे जास्त मानधनावर गाताना कोणीतरी रेकॉर्ड करतंच.

ग्रुपमधला एकच जण आजारी आहे, किंवा मी फक्त रिहर्सलला येऊ शकत नाही. तेव्हाही कॅन्सल?

ते आजारपण कामाच्या मुळावर आलंय का ते बघायचं. १८७६ च्या दोन केसेस शेजारी ठेवल्या की लगेच कळतं, दोन्ही गायकांच्याच. बेत्तिनी नावाचा गायक करारानुसार सहा दिवस आधी रिहर्सलला यायचा होता, आजारपणामुळे दोनच दिवस आधी पोचला. पूर्ण सीझन, साडेतीन महिन्यांचं काम शिल्लक होतं. कोर्ट म्हणालं, एवढ्यावरून त्याला काढता येणार नाही. दुसरीकडे मादाम पूसार यांची नव्या ऑपेरात मुख्य भूमिका, आणि उद्घाटनाचेच पहिले काही प्रयोग आजारपणात गेले. तिथे निर्मात्याने दुसरी गायिका घेतली ते बरोबर ठरलं, कारण नव्या खेळाला पहिले प्रयोगच सगळं काही असतात.

म्हणून साथीला एक जण कमी असेल तर ऑर्गनायझरला सांगून दुसरा घ्या, कॅन्सल कशाला. पण लोक ज्याच्या नावावर येतायत तोच आजारी असेल तर उरलेल्यांनी "आम्ही करतो की" म्हणून निर्णय परस्पर घ्यायचा नाही, विचारायचं, आणि करायचंच ठरलं तर मानधन कमी करून.

सोशल मीडियावर टाकू का?

ऑर्गनायझरने लोकांना कळवल्यानंतर, त्याच्या पोस्टशी जुळणाऱ्या शब्दांत, दोन ओळी. तिकिटाचे पैसे कसे मिळतील हे तोच सांगेल, तुम्ही आश्वासनं देऊ नका. आणि पुढचे सात दिवस जुने हसरे फोटोही टाकू नका, लोक तारीख बघत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीने तापात पडल्या पडल्या मागच्या वर्षीचा फिरायला गेल्याचा फोटो टाकला होता, सकाळपर्यंत तिला चार फोन.

पुढच्या वेळी करारात काय लिहून ठेवू?

लांबलचक काही नको, बुकिंगच्या मेसेजमध्येच चार वाक्यं पुरतात. माझी सध्याची अशी आहेत: "आजारपणामुळे सादरीकरण शक्य नसेल तर लवकरात लवकर कळवेन आणि मागितल्यास डॉक्टरांचं सर्टिफिकेट देईन. अशा वेळी ॲडव्हान्स तीन दिवसांत पूर्ण परत करेन. संयोजकांच्या संमतीने काढलेल्या प्रवासाच्या तिकिटांची न मिळालेली रक्कम दोघांत निम्मी. याव्यतिरिक्त कोणी कोणाकडे भरपाई मागणार नाही."

तिसरं वाक्य त्या ३ वरून आलंय. पाठवल्यावर समोरच्याकडून "ठीक आहे" असं उत्तर येईपर्यंत मी ॲडव्हान्ससाठी खातं देत नाही.

सगळं केलं, पैसे परत गेले, तरी ते उत्तरच देत नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी देणारही नाहीत, ते खुर्च्या लावत असतील. पैसे पोचल्याचं बँकेत दिसतंय ना, मग दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि एकदाच विचारा की रक्कम मिळाली का आणि कार्यक्रम कसा झाला. मला पाचव्या दिवशी उत्तर आलं, बदली गायिकेचा फोटो आणि खाली "आवाज कसा आहे आता?"